पगार अडतीस, खात्यात तीनशे एकोणचाळीस: तोमान की रियाल?

*मी पुण्यात फारसी शिकले आणि आता इराणी विद्यार्थ्यांची कागदपत्रं इंग्रजीत करून देते. एका मुलाला पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला जायचंय. त्याच्या वडिलांच्या पगाराच्या दाखल्यात महिना ३८ मिलियन लिहिलंय, पण बँकेच्या उताऱ्यात दरमहा ३३९ मिलियन जमा दिसतात. मी दोन्ही आकडे होते तसेच उतरवले. आता व्हिसा कार्यालयाने विचारलंय की पगाराच्या नऊपट रक्कम येते कुठून? मुलगा म्हणतो, दोन्ही कागद बरोबर आहेत, एक तोमानात आणि एक रियालात. शिवाय वडिलांच्या पत्रात "दर महिन्याला वीस तोमन पाठवीन" असं आहे. मी सगळं रियालात बदलून द्यायचं का? की थेट पौंडांतच लिहू?*
— एक अनुवादक, पुणे

नमस्कार,

मुलगा बरोबर सांगतोय, आणि व्हिसा अधिकाऱ्याचंही चुकलेलं नाही. त्याच्यापुढे दोन आकडे आले, त्यांना एककच नव्हतं. त्याने दोन्ही एकाच चलनातले धरले. दुसरं तो काय करणार?

इराणचं कायदेशीर चलन रियाल आहे. १९३२ साली 'किरान' या जुन्या चलनाच्या जागी रियाल आला. त्याआधी दहा किरानांना एक तोमान म्हणत. रियाल किरानाच्याच किमतीचा धरला गेला, त्यामुळे दहा रियालांना तोमान म्हणायची सवय लोकांनी सोडली नाही. आज तोमान नावाची नोट किंवा नाणं छापलं जात नाही, तरी बाजारात, टॅक्सीत, घरात, दुकानाच्या पाटीवर सगळीकडे तोमानच चालतो. एक तोमान म्हणजे दहा रियाल, एवढं साधं गणित. घोळ गणितात नसतो. कुठला कागद कोणत्या एककात बोलतोय हे ओळखण्यात असतो.

ढोबळ खूण अशी: जे बँकेतून किंवा सरकारी छापील नमुन्यातून येतं ते रियालात, आणि जे रोजच्या बाजारात चालतं किंवा माणूस स्वतःच्या हाताने किंवा तोंडाने सांगतो ते तोमानात. बँकेचा उतारा, एटीएमची पावती, धनादेश, कराची नोटीस, न्यायालयाचा निकाल हे रियालात. भाड्याची जाहिरात, ऑनलाइन दुकानातली किंमत, टॅक्सीच्या अ‍ॅपवरचं भाडं, नातेवाइकाचं पत्र हे तोमानात. खाजगी कंपनीचा पगाराचा दाखला मात्र मधला प्रदेश आहे. हिशेब खात्याने काढला तर रियाल, मालकाने सांगून टंकून घेतला तर तोमान. तुमचा दाखला या दुसऱ्या प्रकारचा दिसतो.

पण ढोबळ खुणेवर सही-शिक्का मारू नका. कागदाच्या आतच पुरावा शोधायचा. तुमच्याकडचे दोन कागद शेजारी ठेवा. उताऱ्यात दरमहा ३३९,०००,००० रियाल जमा. दहाने भागलं की ३३,९००,००० तोमान. दाखल्यातला पगार ३८,०००,०००. फरक ४,१००,०००, म्हणजे सुमारे अकरा टक्के. इराणमध्ये सामाजिक विम्यापोटी कर्मचाऱ्याच्या पगारातून सात टक्के कापले जातात आणि उरलेल्यावर कर लागतो, म्हणून हातात येणारी रक्कम एवढीच कमी असणं अगदी पटण्यासारखं आहे. दाखला रियालात असता तर ३८ मिलियन रियालांच्या पगारावर ३३९ मिलियन रियाल जमा झाले असं मानावं लागलं असतं, आणि अधिकाऱ्याने विचारला तोच प्रश्न खरा ठरला असता. म्हणजे दाखला तोमानात आहे हे आकडेच सांगतात. तरीही मूळ फारसी मजकुरात 'तोमान' हा शब्द लिहिलाय का, ते आधी बघा. लिहिला असेल तर तुमच्या अनुवादातून तो गळलाय, सरळ दुरुस्ती करा. लिहिलाच नसेल तर एकक तुम्ही मनाने घालायचं नाही. आकडा आहे तसा ठेवा, मूळ कागदावर एकक नाही अशी टीप द्या, आणि मुलाला सांगा की कंपनीकडून एककासह नवा दाखला आणव.

आता सगळं रियालात बदलायचं का, हा तुमचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: बदलायचं नाही, जोडायचं. मूळ कागदावर ३८ मिलियन तोमान असेल आणि तुम्ही नुसते ३८० मिलियन रियाल लिहिले, तर रक्कम तीच राहते, पण इंग्रजी कागद आणि फारसी कागद एकमेकांशी जुळत नाहीत. फारसी आकडे वाचता येणारा कुणीही, अगदी कार्यालयातला दुसरा अनुवादकसुद्धा, एक शून्य जास्त आहे म्हणून बोट ठेवेल. उलट नुसता तोमान ठेवला तर इंग्रजी वाचणाऱ्याला तो शब्द अधिकृत विनिमय दराच्या तक्त्यात सापडणार नाही. म्हणून मूळ रक्कम मूळ एककात आधी, आणि तिची रियालातली किंमत लगेच मागे:

```
38,000,000 tomans, equal to 380,000,000 Iranian rials
```

इराणी लोक स्वतःही असंच करतात. भाडेकरारात किंवा पावतीवर आकड्यांत रियाल लिहून पुढे 'मोआदेल', म्हणजे 'बरोबर इतके', असं म्हणत अक्षरांत तोमान लिहायची पद्धत सर्रास दिसते. कायद्याचं कलम सांभाळलं जातं आणि वाचणाऱ्यालाही रक्कम कळते. अशा ठिकाणी मूळ कागदानेच दोन्ही दिलेलं असतं, तुम्ही काही जोडायची गरज नाही, जसंच्या तसं उतरवा. मात्र त्याच ठिकाणी एकदा दहाने भागून बघाच. '८५,०००,००० रियाल, मोआदेल आठ मिलियन पाचशे हजार तोमान' हे जुळतं. '८५,०००,००० रियाल, मोआदेल पंच्याऐंशी मिलियन तोमान' असंही घाईत लिहिलेलं सापडू शकतं. तिथे कुठलं खरं हे अनुवादकाने ठरवायचं नसतं. दोन्ही जसंच्या तसं इंग्रजीत आणा, आणि मूळ कागदातच दोन रकमा जुळत नाहीत एवढी टीप खाली लिहा. पुढचं पक्षकार बघून घेतील.

कागदांचा पूर्ण गठ्ठा असेल तर प्रत्येक ओळीत समजूत घालत बसू नका. पहिल्या पानावर एक टीप पुरते:

```
Translator's note: One toman equals ten Iranian rials.
The rial is the official currency; the toman is the unit
of everyday use. Rial equivalents of toman amounts were
added by the translator.
```

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. जोडलेला आकडा कुणाचा, कागदाचा की तुमचा, हे त्याशिवाय कळत नाही.

रियाल म्हणताना 'इराणी' हा शब्द निदान पहिल्या वेळी तरी ठेवा. ओमान आणि येमेनचं चलनही रियालच आहे, सौदी आणि कतारचंही जवळजवळ त्याच नावाचं, आणि ओमानचा रियाल तर जगातल्या सर्वांत महागड्या चलनांपैकी एक. इंग्रजीत `IRR` हे आंतरराष्ट्रीय संक्षिप्त चिन्ह फक्त रियालासाठी आहे. ते तोमानाच्या आकड्यापुढे लावलंत तर एका फटक्यात रक्कम दहावा हिस्सा होते. काही संकेतस्थळांवर तोमानासाठी `IRT` दिसतं, पण ते अधिकृत यादीतलं चिन्ह नाही. व्हिसाच्या कागदात ते वापरू नका, पूर्ण शब्द लिहा.

आपल्याकडच्या अनुवादकांची एक खास खोड इथे सांगितली पाहिजे. हात सवयीने ३८,००,००,००० असा स्वल्पविराम टाकतो, आणि मनात 'अडतीस कोटी' असतं. इंग्लंडमधल्या वाचकाला ती रचना अनोळखी, त्याला वाटतं एखादं शून्य सांडलंय. नेहमी तीन-तीनचे गट करा. 'मिलयार्द' हा फारसी शब्द आला की तो आपला अब्ज, इंग्रजीतला बिलियन. 'मिल' ने सुरू होतो म्हणून घाईत मिलियन वाचला जातो, आणि घराच्या किमतीत असं झालं तर हजारपटीची चूक. मोठ्या रकमेला आकडे आणि अक्षरं दोन्ही द्या. एकात चूक झाली तरी दुसरं ती उघडी पाडतं.

आकडे वाचतानाही डोळा सावध हवा. हाताने लिहिलेला फारसी पाच गोलसर असतो, आपल्याला तो शून्य वाटतो. आणि खरं शून्य म्हणजे नुसतं टिंब, जे झेरॉक्समध्ये उडून जातं किंवा शाईच्या डागातून नव्याने उगवतं. दोन आणि तीन यांच्यात हस्ताक्षरात एका दाताचा फरक. त्याहून फसवी गोष्ट तिरकी रेघ. फारसीत ती दशांशचिन्ह म्हणून वापरतात, म्हणजे '८/५ मिलियन तोमान' हे साडेआठ मिलियन. पण पावत्यांवर तीच रेघ हजारांचे गट पाडायलाही वापरलेली असते, '८५/०००/०००' अशी. रेघेनंतर बरोबर तीन आकडे आणि पुढे परत रेघ असेल तर गट, एखाद-दुसरा आकडा आणि मागे 'मिलियन' असा शब्द असेल तर दशांश. शंका राहिली तर अक्षरांतली रक्कम शोधा. करारात आणि धनादेशावर ती असतेच.

आता वडिलांचं पत्र. हा तुमच्या गठ्ठ्यातला सगळ्यात अवघड कागद, आणि तो एका ओळीचा आहे. शब्दशः वीस तोमान म्हणजे दोनशे रियाल, ज्यात आज इराणमध्ये काहीच मिळत नाही. बोलताना इराणी लोक मागचा 'हजार' किंवा 'मिलियन' गिळून टाकतात, कारण कशाबद्दल बोलणं चाललंय हे दोघांनाही ठाऊक असतं. टॅक्सीवाला ऐंशी म्हणाला की ऐंशी हजार तोमान. गाडीचा सौदा आठशेला ठरला की आठशे मिलियन. घर आठला गेलं तर आठ मिलयार्द. एकच 'आठ', पण वस्तूनुसार त्यामागची शून्यं बदलतात. मुलाला दरमहा पाठवायचे 'वीस तोमन' म्हणजे वीस मिलियन तोमानच असणार. वीस हजार तोमानात परदेशातल्या मुलाचा एक दिवसही निघणार नाही, आणि ज्याच्या हातात महिन्याला सुमारे ३४ मिलियन येतात तो वीस मिलियन देऊ शकतो, हेही जुळतं.

तरी अनुवादात 'वीस मिलियन' लिहू नका. हे तुम्हाला विचित्र वाटेल, कारण अर्थ तर तोच आहे. पण हा पुराव्याचा कागद आहे, आणि त्यात मूळ नसलेला 'मिलियन' तुम्ही घातला की रक्कम दहा लाखपट करणारी व्यक्ती तुम्ही ठरता. सगळ्यात सोपा उपाय अनुवादाबाहेर आहे: वडिलांना ते पत्र परत लिहायला सांगा. '२०,०००,००० तोमान, मोआदेल २००,०००,००० रियाल', तारीख आणि सही. त्यांना पाच मिनिटांचं काम. ते शक्यच नसेल तर 'वीस तोमान' असंच ठेवून टीप द्या की बोलीत 'मिलियन' हा शब्द अनेकदा गाळला जातो आणि इथे तसंच अभिप्रेत दिसतं. बँकेच्या उताऱ्यात मुलाकडे गेलेल्या २००,०००,००० रियालांच्या नोंदी असतील तर त्यांच्याकडे बोट दाखवा. टिपेपेक्षा त्या नोंदी जास्त बोलतील.

हेच वाक्य एखाद्या मुलाखतीत किंवा चित्रपटाच्या उपशीर्षकात आलं असतं तर माझा सल्ला बरोबर उलटा असता. तिथे प्रेक्षकाकडे दोन सेकंद असतात, 'वीस मिलियन तोमान' असं पूर्ण लिहून मोकळं व्हा. कथा-कादंबरीत मात्र काळ बघा. १९७९ च्या क्रांतीपूर्वी एक डॉलर सत्तर रियालांच्या आसपास, म्हणजे सुमारे सात तोमान होता. तेव्हाचे वीस तोमान खरोखर वीस तोमान होते, आणि बरेच होते. तिथे 'मिलियन' घातलात तर गोष्टीचा विचका.

आणखी मागे गेलात, इराणच्या काजार राजघराण्याच्या काळातल्या कागदांत, तर मराठी माणसासाठी एक खास सापळा आहे. तिथे 'करूर' भेटतो, आणि आपण त्याला कोटी समजून पुढे जातो. इराणमधला करूर म्हणजे पाच लाख. १८२८ च्या तुर्कमानचाय तहात इराणने रशियाला दहा करूर तोमान द्यायचे ठरले, ते पन्नास लाख तोमान, दोन कोटी चांदीच्या रूबलांइतके. आपल्या कोटीने वाचलं तर दंड वीसपट होतो. कधी संग्रहालयाचं किंवा घराण्याचं काम आलं तर हे लक्षात असू द्या.

पौंडांचं उत्तर 'नाही' असंच. अनुवादकाने विनिमय करू नये. इराणमध्ये एकाच दिवशी डॉलरचे एकाहून अधिक दर असतात, सरकारी वेगळा आणि खुल्या बाजारातला वेगळा, आणि त्यांच्यातलं अंतर किरकोळ नसतं. एप्रिल २०१८ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष इसहाक जहांगिरी यांनी डॉलरचा सरकारी दर जाहीर केला. इराणमध्ये तो '४२०० चा डॉलर' म्हणून प्रसिद्ध झाला, आणि इंग्रजी बातम्यांत तोच ४२,००० असा दिसायचा. दोन्ही खरं, पहिलं तोमानात आणि दुसरं रियालात. तो दर कागदावर चालू असताना खुल्या बाजारात डॉलर त्याच्या कित्येक पटींवर गेला होता. तुम्ही कुठला दर धरणार? सरकारी धरलात तर वडील श्रीमंत दिसतील, बाजारातला धरलात तर गरीब, आणि दोन्ही वेळा तो निर्णय तुमच्या सहीखाली असेल. पौंडांतली रक्कम हवीच असेल तर ती मुलाने आपल्या अर्जात द्यावी, दर, त्याची तारीख आणि तो कुठून घेतला यांसह. अनुवादात ती येणार नाही.

तारखेची गोष्ट निघालीच आहे, तर एक बदल आत्ताच ध्यानात ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये इराणच्या संसदेने चलनातली चार शून्यं काढण्याचं विधेयक मंजूर केलं. त्यानुसार नवा रियाल हा सध्याच्या दहा हजार रियालांचा, म्हणजे एक हजार तोमानांचा. हा बदल एका रात्रीत होणारा नाही, त्यासाठी काही वर्षांचा काळ ठेवलेला आहे आणि मधल्या काळात जुनं-नवं दोन्ही चालायचं आहे. आधी छापलेल्या काही नोटांवरही शेवटची चार शून्यं मुद्दाम फिकट केलेली आहेत, त्यामुळे नोटेचा फोटो बघून रक्कम सांगायला जाऊ नका. नवे रियाल कागदांत दिसू लागले की 'रियाल' हा एकच शब्द दोन किमती सांगेल. म्हणून आत्तापासून टिपेत कागदाची तारीख घालायची सवय लावा: अमुक तारखेचा कागद, त्या दिवशी चालू असलेला रियाल. इराणी तारीख असेल तर तीही ठेवा आणि इंग्रजी तारीख जोडा, रकमेसारखंच.

तुमच्या फाइलचं काम या क्रमाने उरकेल. आधी दाखल्याचा मूळ फारसी कागद मागवून एकक तपासा आणि दुरुस्त अनुवाद नव्या तारखेने, नव्या सहीने द्या. जुन्यावर खाडाखोड नको. वडिलांचं नवं पत्र येईपर्यंत थांबा. मग मुलाकडून व्हिसा कार्यालयाला एक छोटं पत्र जाऊ द्या: पहिल्या अनुवादात चलनाचं एकक राहून गेलं होतं, पगार ३८,०००,००० तोमान म्हणजे ३८०,०००,००० रियाल, त्यातून विमा आणि कर जाऊन ३३९,०००,००० रियाल खात्यात जमा होतात, सोबत दुरुस्त अनुवाद. कंपनीने पगारातल्या कपातीची पावती दिली तर तीही लावा. ती बहुधा रियालातच निघेल.